बॅग नापास, पण कशात?

मंडळी, या शनिवारचा विषय जरा फुटकळ वाटेल: विमानप्रवासाच्या बॅगा. वजन किती, आकार किती, आत काय चालतं, काय नाही. यात लिहिण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलंच तर माझं उत्तर असं की आपल्या प्रोग्रामर जमातीने या साध्या प्रश्नाचं जे वाटोळं केलंय ते बघवत नाही. मी जन्माने यवतमाळचा, पोटासाठी पुण्याचा, त्यामुळे हे वाटोळं कोणाला भोवतं तेही जवळून बघतो.

कुठल्याही ट्रेनी पोराला सांगा, "बाबा रे, बॅग नियमात बसते का ते तपासणारं फंक्शन लिही." दहातले नऊ जण हे लिहून देतील:

```python
def is_allowed(bag):
    if bag.kg > 7:
        return False
    if sum(bag.cm) > 115:
        return False
    if has_banned_item(bag):
        return False
    return True
```

सुटसुटीत. टेस्ट पास, रिव्ह्यू पास, चहा प्यायला मोकळे. माझा दावा असा आहे की हा कोड चूक आहे. बग आहे म्हणून नव्हे, त्याने दिलेल्या उत्तराचा प्रवाशाला काडीचा उपयोग नाही म्हणून. आणि हीच वृत्ती पुढे वेबसाइटवर येते. "युअर बॅगेज इज नॉट कम्प्लायंट" अशी लाल पट्टी मी स्वतः एका विमान कंपनीच्या साइटवर पाहिली आहे (नाव घेत नाही). बॅगा चार टाकल्या होत्या. कुठली नापास, कशात नापास, किती मार्कांनी नापास... काही नाही. शाळेतल्या मास्तरांनी सुद्धा निकालाचा कागद हातात दिला होता हो, नुसतं "नापास" म्हणून घरी पाठवलं नव्हतं!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, काउंटरवर कळतंच की. इथेच खरी मेख आहे.

काउंटरवर कळणं मुंबई-पुण्यातल्या माणसाला परवडतं. सोडायला आलेला भाऊ बाहेर उभा असतो, नको ती वस्तू त्याच्या हातात दिली की झालं. यवतमाळला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमानसेवा नाही. विमान धरायचं तर नागपूर. कळंब, वर्धा, बुटीबोरी करत दीडशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. सकाळचं विमान असेल तर मध्यरात्री निघायचं, सोबत बहुधा कोणी नसतं, आणि सोनेगावच्या विमानतळावर उतरल्यावर मागे वळायची सोय नाही. तिथे "ही बॅग चालणार नाही" असं कळणं म्हणजे वस्तू फेकणं किंवा जादा वजनाचे पैसे भरणं, तिसरा रस्ता नाही. म्हणून तपासणी घरी, बॅग उघडी असताना व्हायला हवी. आणि घरी तपासायची तर उत्तर असं हवं की त्यावरून हात चालवता येईल.

शिवाय आमच्याकडच्या मंडळींची सवय रेल्वेची. धामणगावला गाडी पकडायची, स्लीपरमध्ये माणशी ४० किलो फुकट नेता येतं, आणि ते तरी कोण मोजतं? देशातल्या विमानात साधारण माणशी १५ किलो खाली पोटात, ७ किलो हातात. त्या १५ मध्ये रिकाम्या ट्रॉलीचंच वजन तीन-साडेतीन किलो. रेल्वेच्या अंदाजाने भरलेलं सामान इथे हमखास उताणं पडतं.

तर एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा, एक काका-काकू यवतमाळहून निघालेत, नागपूर-पुणे विमान, मुलीकडे जायचंय. दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर. बॅगा चार:

पहिली मोठी ट्रॉली, खाली टाकायची. वजन १७.४ किलो. आत शेतातली तूरडाळ, पापड, कुरडया, आणि किलोभर सुकं खोबरं.

दुसरी कपड्यांची बॅग, हीसुद्धा खाली टाकायची. ११.२ किलो. बाजूच्या कप्प्यात मोबाइलची पॉवर बँक.

तिसरी काकांची हातातली. ६.६ किलो. ५६ बाय ३६ बाय २३ सेंटीमीटर.

चौथी काकूंची हातातली. ६.८ किलो, आकार बरोबर. आत पानाचा डबा आणि डब्यात अडकित्ता.

वरचं फंक्शन यांच्यावर चालवा (खालच्या बॅगांना ७ ऐवजी १५ धरा). पहिली: वजन जास्त, `False`. आणि तिथेच थांबलं! खोबऱ्यापर्यंत पोचलंच नाही. म्हणजे काका दोन-अडीच किलो डाळ काढतील, बॅगेची चेन लावतील, पुन्हा तपासतील, तेव्हा कळेल की आत खोबरंही आहे. पहिल्या चुकीवर परत फिरणारा कोड माणसाला प्रत्येक चुकीसाठी एकदा बॅग उघडायला लावतो. रांगेत उभं राहून बॅग तीन-तीनदा उघडणारे लोक तुम्ही पाहिले असतील. त्यांना गावंढळ समजून हसू नका, त्यांचं `return` आधीच झालेलं असतं :)

तिसरी बॅग तर आणखी गंमत. ५६ अधिक ३६ अधिक २३ बरोबर ११५. आपलं फंक्शन म्हणणार पास! पण नियम बहुतेक ठिकाणी तीन बाजूंचा असतो, ५५ बाय ३५ बाय २५, किंवा काही कंपन्यांकडे ५५ बाय ४० बाय २०. दोन्हींची बेरीज ११५ येते, म्हणून आळशी माणूस बेरीज तपासून मोकळा होतो. विमानतळावरची बॅग मापायची लोखंडी चौकट बेरीज करत नाही. तिच्यात ५६ सेंटीमीटरची बॅग शिरत नाही म्हणजे नाही. आणि हो, घरी टेपने मोजताना चाकं आणि मूठ धरून मोजा, कारण चौकटीत तीही जातात. बाजू कुठली उभी, कुठली आडवी यावरून वाद नको म्हणून दोन्हीकडची मापं लहान-मोठी लावून एकास एक ताडायची. कोडमध्ये एक `sorted` पुरे.

आता वस्तूंकडे. इथे तर माझं डोकं फिरतं. `has_banned_item` म्हणे! बंदी असलेल्या वस्तूंची एकच यादी असते हा समज मुळात खोटा आहे. नियम वस्तूला नसतो, वस्तू आणि जागा या जोडीला असतो. अडकित्ता काकूंच्या हातातल्या बॅगेत चालणार नाही, कारण धारदार आहे, आणि खालच्या बॅगेत खुशाल चालेल. पॉवर बँकेचं नेमकं उलटं: हातात चालेल, खाली बिलकुल नाही. फटाके दोन्हीकडे नाहीत. म्हणजे एकाच वस्तूला दोन उत्तरं, आणि यादी एकच ठेवली की दोन्हीतलं एक चुकणार.

पॉवर बँकेचं असं उलटं का, हे कळलं की नियम पाठ करावा लागत नाही. लिथियमची बॅटरी आतून बिघडली की स्वतःच तापत जाते, एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. केबिनमध्ये हे झालं तर धूर दिसतो, कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. खाली सामानाच्या कप्प्यात माणूस नाही. तिथली आग विझवणारा वायू ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आत चाललेली प्रक्रिया त्याने थांबत नाही. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईजवळ यूपीएस कंपनीचं मालवाहू विमान कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. त्या विमानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा माल होता आणि आग मालाच्या कप्प्यातून सुरू झाली होती. तो माल होता, प्रवाशांचं सामान नव्हतं हे मान्य. पण खालच्या कप्प्यात बॅटरी का नको, याचं उत्तर त्यातून मिळतं.

किती मोठी चालते? मर्यादा १०० वॅट-अवरची. बॉक्सवर लिहिलेलं असतं मिलिअँपिअर-अवरमध्ये, म्हणून हिशोब करावा लागतो:

```
Wh = mAh × V / 1000
20000 × 3.7 / 1000 = 74
30000 × 3.7 / 1000 = 111
```

यातला व्होल्टेज सेलचा घ्यायचा, ३.७ च्या आसपासचा. यूएसबीचे ५ व्होल्ट घेतले तर वीस हजारवाली १०० वर जाऊन उगाच काठावर दिसते. वीस हजारवाली बिनधास्त हातात न्या. तीस हजारवाली मात्र १०० ते १६० च्या पट्ट्यात येते आणि तिला विमान कंपनीची परवानगी लागते. आता मला सांगा, हे "परवानगी लागते" तुम्ही `True` मध्ये घालणार की `False` मध्ये? दोन्ही खोटं आहे. आणि लेबल पुसून गेलेल्या पॉवर बँकेचं काय? तपासणीवाल्याकडे मोजायला काहीच नाही, तो नाही म्हणू शकतो. म्हणजे तिसरं उत्तर लागतंच: "विचारा".

खोबऱ्याची गोष्टही अशीच. काकू म्हणणार, "अवो, खोबऱ्यानं काय विमान पडते काय?" प्रश्न रास्त आहे. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर. ते हवेशी संयोग पावतं तेव्हा उष्णता निर्माण होते, आणि दाबून भरलेल्या ढिगातून ती बाहेर पडली नाही तर खोबरं आपोआप पेटू शकतं. म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत त्याला स्वतंत्र क्रमांकच आहे, यूएन १३६३, वर्ग ४.२, म्हणजे आपोआप पेट घेणारे पदार्थ. आपल्याकडे २०२२ मध्ये चेक-इन सामानात त्याला मनाई झाली. एक किलोने काय होणार, हा वाद घालता येईल, पण काउंटरवर नव्हे. तिथली मुलगी रसायनशास्त्र ठरवत नाही. आणि खोबरं पुण्यात मिळतं. डाळ शेतातली आहे, तिला जागा द्या.

तर निकाल असा यायला हवा. पहिली बॅग: २.४ किलो जास्त, शिवाय खोबरं काढा. दुसरी: पॉवर बँक हातात घ्या, ३.८ किलोची जागा शिल्लक आहे. तिसरी: आकारात नापास, आतलं सामान काढून उपयोग नाही, बॅगच बदला. चौथी: अडकित्ता खाली टाका. प्रत्येक बॅगेला स्वतःचा निकाल, सगळ्या चुका एकदम, आणि चूक किती त्याचा आकडा. कोडमध्ये हे फार अवघड नाही:

```python
def check(bag, rule):
    faults = []
    over = bag.grams - rule.grams
    if over > 0:
        faults.append(("WEIGHT", over))
    for have, may in zip(sorted(bag.cm), sorted(rule.cm)):
        if have > may:
            faults.append(("SIZE", have - may))
    for item in bag.items:
        v = VERDICT.get((item, bag.place), "ASK")
        if v != "OK":
            faults.append((v, item))
    return faults
```

यादी रिकामी आली तर बॅग पास. टेबलात नसलेली वस्तू आपोआप "विचारा" मध्ये जाते, गुपचूप पास होत नाही. वजन ग्रॅममध्ये ठेवलंय म्हणजे दशांशाच्या भानगडी नाहीत. पहिल्या कोडपेक्षा पाच ओळी जास्त. त्या पाच ओळींसाठी कंटाळा करणाऱ्यांनी कृपया "कीप इट सिंपल" चं तुणतुणं वाजवू नये. सोपं कोणासाठी? लिहिणाऱ्यासाठी की बॅग उचलणाऱ्यासाठी?

आता निकाल हातात आल्यावर काका-काकू काय करतील ते बघा. खोबरं घरी, पहिली बॅग १६.४. दोन किलो डाळ पहिलीतून दुसरीत: पहिली १४.४, दुसरी १३.२. दुसरीतून पॉवर बँक काढली, धरा ४०० ग्रॅम: १२.८. काकूंचा अडकित्ता ३०० ग्रॅमचा, तो दुसरीत: १३.१. काकूंची बॅग ६.५ झाली, त्यात पॉवर बँक टाकली: ६.९. बसलं! पण अडकित्ता काढायच्या आधी पॉवर बँक टाकून तपासलं असतं तर ७.२ होऊन पुन्हा नापास. म्हणजे निकाल बॅगेगणिक द्यायचा, पण उपाय सगळ्या बॅगा समोर मांडूनच सुचवायचा. काकांच्या तिसऱ्या बॅगेतलं सामान घरातल्या एखाद्या पाठीवरच्या सॅकमध्ये गेलं की काम संपलं.

आता तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, अरे पण तिकीट एकाच पीएनआरवर आहे ना, मग वजन एकत्र धरतात. बरोबर! जिथे तशी पद्धत आहे तिथे १७.४ आणि ११.२ मिळून २८.६, दोघांचे ३० धरले तर डाळ हलवायचीही गरज नाही. परदेशी जाताना मात्र बऱ्याच मार्गांवर नगाचा हिशोब असतो. अमेरिकेला साधारण दोन नग, प्रत्येकी २३ किलो. तिथे एक २५ ची आणि एक २१ ची असेल तर एकूण ४६ भरूनही पहिली नापास. म्हणून `rule` बाहेरून द्यायचा, कोडमध्ये ७ आणि १५ कोरून ठेवायचे नाहीत. वजन एकत्र धरायचं असेल तर ती एक तपासणी बॅगेच्या पातळीवरून उचलून प्रवाशांच्या गटाच्या पातळीवर न्यायची. बाकीच्या बॅगेच्याच राहतात.

एक खोच अजून सांगतो, कारण ती भल्याभल्यांना माहीत नसते. विमान भरलेलं असलं किंवा छोटं असलं की दारापाशी हातातली बॅग मागतात आणि खाली टाकतात. त्या क्षणी बॅगेची जागा बदलली! काकूंच्या बॅगेतली पॉवर बँक, जी मघाशी पास होती, ती आता नापास. ती काढून जवळ ठेवायची असते. `place` हे बॅगेच्या जन्मखुणेसारखं कायमचं नसतं, बॅग सध्या कुठे चालली आहे ते असतं. घरीच पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवली तर दारात उभं राहून पानाचा डबा उपसावा लागत नाही.

विरुद्ध बाजूचा एकच मुद्दा मला खरा वाटतो. शेवटचा शब्द विमान कंपनीचा आणि सुरक्षा तपासणीचा असतो. तुमच्या कोडने पास म्हटलं आणि जवानाने काढून ठेवलं तर शिव्या कोण खाणार? म्हणून म्हणे कमी बोलावं. मला हे उलटं वाटतं. कमी बोलून जबाबदारी टळत नाही, फक्त प्रवासी आंधळा होतो. निकालावर नियमाची तारीख आणि विमान कंपनी लिहा, काठावरचं असेल तर "विचारा" म्हणा, घरचा ताणकाटा पाव-अर्धा किलो इकडेतिकडे दाखवतो म्हणून तेवढी जागा सोडायला सांगा. एवढं प्रामाणिकपणे सांगितल्यावर कोणी शिव्या दिल्या तर खाऊ की.

तेव्हा मित्रहो, सोमवारी ऑफिसात गेल्यावर आपापल्या कोडमध्ये `is_` ने सुरू होणारी फंक्शनं शोधा आणि ज्या ज्या ठिकाणी पलीकडे माणूस उभा आहे तिथे बघा, त्याला नुसतं "नाही" देऊन आपण हात झटकलेत का. बॅगेपुरतं तरी मी सांगितलं. वाद घालायचा असेल तर जरूर घाला, पण मुद्देसूद. कुठल्या मुद्द्यात नापास आणि कितीने, ते लिहून :)